हजेरीपटावरची एकशे आठ मुलं

‘प्रस्तुत संशोधन बीड जिल्ह्यातील एका तालुक्यापुरते मर्यादित आहे.’ एम.एड.चे लघुशोधप्रबंध चाळू लागलात तर दर दुसऱ्यातिसऱ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात असं एक वाक्य सापडेल. जिल्ह्याचं नाव तेवढं बदलतं. वर ठळक अक्षरात मथळा असतो, ‘संशोधनाच्या मर्यादा’. हे वाक्य त्या मथळ्याखालचं नाहीच. ते परिमर्यादेचं वाक्य आहे.

घोटाळ्याचं मूळ थोडंसं आपल्या भाषेतच आहे. एखाद्या गोष्टीला आपण स्वतः हद्द घातली तरी आपण ‘एवढ्यापुरतं मर्यादित’ म्हणतो, आणि एखादी गोष्ट आपल्या आवाक्याबाहेर असली तरी ‘माझ्या काही मर्यादा आहेत’ म्हणतो. बोलताना यानं काही बिघडत नाही. संशोधनाच्या भाषेत मात्र या दोन वेगळ्या वस्तू आहेत. जी हद्द संशोधकानं विचार करून आखली ती परिमर्यादा; काही जण तिला परिसीमा म्हणतात. जी उणीव संशोधकाला नको असताना पदरात पडली आणि जिच्यामुळे उत्तराचा भरवसा कमी झाला ती मर्यादा. काही प्रबंधांत हे दोन्ही शब्द बरोबर उलटे वापरलेले मी पाहिले आहेत. तेही चालेल एक वेळ, पण दोन्ही गोष्टी एकाच यादीत कालवलेल्या असतात, ते चालत नाही. का चालत नाही, ते सांगायला एका प्रबंधाची हकिगत पुरेल. गाव-नाव गाळतो, आकडे थोडे गोल करतो.

विद्यार्थिनी स्वतः शिक्षिका होती. विषय साधा निवडला होता : तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळांमधल्या चौथीच्या मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येतो का? चिठ्ठ्या टाकून तिनं वीस शाळा काढल्या. त्या शाळांच्या चौथीच्या पटावर मिळून ४०० मुलं होती. डिसेंबरात ती शाळाशाळांतून फिरली, एकेका मुलाला बाजूला घेऊन उतारा वाचायला दिला. २९२ मुलं भेटली. त्यांतल्या १७५ मुलांनी उतारा नीट वाचला, म्हणजे शंभरातल्या साठांनी. प्रबंधाचा कच्चा खर्डा घेऊन ती माझ्याकडे आली तेव्हा हा साठ टक्के ठळक अक्षरांत होता आणि ‘संशोधनाच्या मर्यादा’ या मथळ्याखाली पाच वाक्यं होती. संशोधन एका तालुक्यापुरतं मर्यादित आहे. फक्त जिल्हा परिषद शाळांपुरतं मर्यादित आहे. फक्त चौथीपुरतं मर्यादित आहे. प्रयोज्यांचा थकवा, कंटाळा व मानसिक स्थिती यांवर संशोधिकेचे नियंत्रण नव्हते. आणि पाचवं : संशोधन चाचणीच्या दिवशी शाळेत उपस्थित असलेल्या विद्यार्थ्यांपुरतं मर्यादित आहे.

पहिल्या तीन वाक्यांत वाईट काही नाही. ती फक्त चुकीच्या मथळ्याखाली आहेत. एकच तालुका का, चौथीच का, खासगी शाळा का नकोत, हे तिनं घरी बसून ठरवलं होतं आणि ठरवायला कारणं होती. परिमर्यादा लिहिताना नेमकी ही कारणंच लिहायची असतात. ‘चौथी घेतली, कारण दुसरीच्या पातळीचं वाचन येऊन दोन वर्षं उलटलेली असायला हवीत, म्हणजे अजून येत नसेल तर ते मागे राहणंच आहे’ असं एक वाक्य लिहिलं की वाचणाऱ्याला हद्द पटते. नुसतं ‘चौथीपुरतं मर्यादित’ म्हटलं तर ती क्षमायाचना वाटते. आणि जी गोष्ट आपण जाणून केली तिची क्षमा कसली मागायची?

चौथ्या वाक्याबद्दल नंतर बोलू. मला थांबवलं ते पाचव्या वाक्यानं.

‘‘पटावर चारशे आणि चाचणी दोनशे ब्याण्णवांची. बाकीची एकशे आठ कुठं आहेत?’’ मी विचारलं.

‘‘सर, डिसेंबरात कुठं असणार? तोडीला गेलीत.’’

बीडच्या माणसाला यापुढे सांगावं लागत नाही, इतरांसाठी सांगतो. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबं टोळ्यांनी बाहेर पडतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, जिथं कारखाना असेल तिथं फडाजवळ कोपी बांधून राहतात. नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. धाकटं मूल संगती असतं, आणि त्याला सांभाळायला थोरलंही. काही मुलं मागे आजीजवळ राहतात, काही गावातल्या हंगामी वसतिगृहात. एकशे आठांतली चौऱ्याहत्तर मुलं अशी आईबापांबरोबर गेली होती. उरलेली कुणी आजारी, कुणी पाहुण्यांच्या गावी, तर काहींची नुसती नावंच पटावर होती.

आता ते पाचवं वाक्य पुन्हा वाचा : ‘उपस्थित विद्यार्थ्यांपुरतं मर्यादित’. वाचताना वाटतं, हीसुद्धा एक आखलेली हद्दच आहे, तालुक्यासारखी, चौथीसारखी. पण तिनं घरून निघताना असं ठरवलं नव्हतं. तिच्या प्रश्नात ‘तालुक्यातली चौथीची मुलं’ होती, ‘ज्यांचे आईबाप तोडीला जात नाहीत अशी मुलं’ नव्हती. शाळेत पोचल्यावर बाकं रिकामी दिसली आणि मग त्या रिकाम्या बाकांभोवती मागाहून कुंपण घातलं गेलं. मर्यादेला परिमर्यादेचे कपडे चढवले की ती सभ्य दिसते, म्हणून हा प्रकार फार होतो. बहुतेक वेळा त्यात लबाडीसुद्धा नसते, ‘पुरतं मर्यादित’ हा साचा हाताशी असतो एवढंच.

तेव्हा दोहोंतला फरक ओळखायचा कसा? ‘आधी ठरलं ती परिमर्यादा, नंतर घडली ती मर्यादा’ असं काही जण शिकवतात. ते बऱ्याच ठिकाणी लागू पडतं, पण काही मर्यादा पहिल्या दिवसापासून माहीत असतात. एकदाच केलेल्या पाहणीतून कारण सिद्ध होत नाही, हे काम सुरू करण्याआधीच ठाऊक असतं. मला त्याहून उपयोगी वाटते ती दुसरी कसोटी. परिमर्यादा सांगते, आपण कुणाबद्दल आणि कशाबद्दल बोलतो आहोत. मर्यादा सांगते, ज्यांच्याबद्दल बोलतो आहोत त्यांच्याबद्दलचं आपलं उत्तर किती विश्वासाचं आहे. खासगी शाळांतली मुलं मोजली नाहीत म्हणून जिल्हा परिषद शाळांबद्दलचं उत्तर चुकत नाही. पण जिल्हा परिषद शाळांतलीच एकशे आठ मुलं सुटली तर चुकू शकतं.

मी तिला म्हटलं, ‘‘उपस्थित मुलांपुरतंच ठेवायचं असेल तर खुशाल ठेव. पण मग शीर्षक बदल. ‘डिसेंबरात गावात राहिलेल्या मुलांचं वाचन’ असं लिही.’’ तिला ते अर्थातच नको होतं. मग ही मर्यादा आहे, हे मान्य करणं आलं. आणि मान्य केल्यावर पुढचा प्रश्न आपोआप येतो : हिनं साठ टक्क्यांचं काय होतं?

इथं बहुतेक प्रबंध हात टेकतात. ‘काही विद्यार्थी अनुपस्थित असल्याने निष्कर्षांवर परिणाम झालेला असू शकतो’ असं लिहून मोकळे होतात. झालेला असू शकतो म्हणजे किती आणि कोणत्या बाजूला? कागद-पेन्सिल घेऊन हे काढता येतं. आधी सगळ्यात वाईट धरू : सुटलेल्या एकशे आठांपैकी एकालाही वाचता येत नाही. मग चारशेंत वाचणारी १७५, म्हणजे शंभरात चव्वेचाळीस. आता सगळ्यात चांगलं धरू : एकशे आठही मुलं वाचतात. मग चारशेंत २८३, म्हणजे शंभरात एकाहत्तर. म्हणजे त्या वीस शाळांतलं खरं उत्तर चव्वेचाळीस आणि एकाहत्तर यांच्या मध्ये कुठंतरी आहे, एवढंच तिच्या माहितीवरून ठामपणे म्हणता येतं. हा पट्टा पाहून तिचा चेहरा उतरला. पण ‘साठ’ या ठळक आकड्यापेक्षा तो खरा होता.

आणखी शाळा घेऊन हा पट्टा अरुंद झाला नसता. वीसऐवजी साठ शाळा घेतल्या असत्या तरी दर शाळेतली तोडीला गेलेली मुलं सुटलीच असती. ‘न्यादर्श लहान होता’ ही मर्यादा प्रबंधांत सर्रास लिहिली जाते, कारण ती निरुपद्रवी आहे. न्यादर्श मोठा करून जी जात नाही, ती मर्यादा जास्त महत्त्वाची, आणि नेमकी तीच लिहायची राहते.

हे नवं दुखणं नाही. २००५ पासून ‘असर’ची पाहणी होते आहे, मुलांना वाचता येतं का, साधं गणित येतं का, हे पाहणारी. त्या पाहणीची मूळ रचनाच शाळेत न जाता घरी जाण्याची आहे. ग्रामीण जिल्ह्यातली साधारण तीस गावं, प्रत्येक गावातली वीस घरं, आणि त्या घरांतली मुलं. शाळेत जाऊन तपासलं असतं तर गैरहजर राहणारी, शाळा सोडलेली, खासगी शाळेत जाणारी मुलं एकाच वेळी मोजता आली नसती. म्हणजे एक मर्यादा रचनेतूनच बाजूला सारली. बदल्यात काही हद्दी पत्करल्या. पाहणी ग्रामीण भागाची, शहरं बाहेर. आणि वाचनाची सगळ्यात वरची पायरी दुसरीच्या पातळीची गोष्ट. त्यामुळे आठवीतल्या मुलानं ती गोष्ट वाचली तर त्याला तेवढं येतं इतकंच कळतं. आठवीचं पुस्तक झेपतं का, ते कळत नाही. ही परिमर्यादा आहे आणि ती उघड आहे. तिच्यावरून ‘आठवीचं इतक्या मुलांना येतं’ असं कुणी बोललं, तर दोष बोलणाऱ्याचा.

२०२० मध्ये शाळा बंद, गावात जाणं अशक्य, तेव्हा हीच पाहणी फोनवरून झाली. फोनवर मुलाचं वाचन नीट तपासता येत नाही, म्हणून ते तपासायचंच नाही असं ठरलं आणि शिकण्याची साधनं मुलांपर्यंत पोचली का, हे विचारलं गेलं. ही झाली परिमर्यादा, परिस्थितीनं भाग पाडलेली का असेना. पण ज्यांच्या घरी फोनच नव्हता ती घरं पाहणीबाहेर राहिली, आणि शिकण्याची साधनं पोचली का हे विचारताना फोन नसलेलं घर सुटणं ही साधी गोष्ट नाही. ती मर्यादा. एकाच फोनमुळे दोन्ही गोष्टी आल्या, पण दोन वेगळ्या जागी लिहाव्या लागतात.

आमच्या विद्यार्थिनीनं पुढे काय केलं ते सांगतो. कारखान्यांची धुराडी थंडावली की टोळ्या परततात. एप्रिलमध्ये, परीक्षांच्या आधी, ती पुन्हा त्या वीस गावांत गेली. सगळी एकशे आठ मुलं सापडली नाहीत, चाळीस सापडली. त्यांतल्या चौदांनी तोच उतारा वाचला, म्हणजे शंभरात पस्तीस. उरलेली मुलंही साधारण अशीच असतील असं धरलं तर एकशे आठांत वाचणारी अडतीस. आधीची १७५ मिळवली की २१३, आणि चारशेंत हे त्रेपन्न टक्के. साठ नव्हे.

त्रेपन्न हासुद्धा काही ब्रह्मदेवाचा आकडा नव्हता, आणि तिनं तसा तो लिहिलाही नाही. जी चाळीस सापडली ती लवकर परतलेल्या टोळ्यांतली होती. उशिरा परतणाऱ्यांची शाळा आणखी बुडालेली, त्यामुळे त्यांच्यातली वाचणारी कदाचित कमी. उलट बाजूला, ही चाळीस मुलं डिसेंबरातल्या मुलांपेक्षा चार महिन्यांनी तपासली गेली, आणि हे चार महिने काहींचे शाळेत तर काहींचे फडात गेले. हे सगळं तिनं पाच-सहा ओळींत लिहिलं. कुठला आकडा कुठल्या गृहीतावर उभा आहे आणि ते गृहीत डळमळलं तर आकडा कोणत्या बाजूला कलेल, इतकं वाचणाऱ्याला कळलं की मर्यादा लिहून झाली.

आणखी एक गोष्ट तिनं सांगितली, तीही आपण होऊन. तीन शाळांत वर्गशिक्षक चाचणीच्या वेळी शेजारी उभे होते आणि मूल अडखळलं की पहिलं अक्षर सुचवत होते. ‘‘मोठे होते सर, त्यांना कसं सांगू बाहेर जा म्हणून?’’ त्या तीन शाळांत ४१ मुलं, त्यांपैकी ३२ वाचती, म्हणजे शंभरात अठ्ठ्याहत्तर. ती बाजूला काढली तर डिसेंबरात भेटलेल्या बाकीच्या २५१ मुलांत १४३ वाचती, म्हणजे सत्तावन्न.

हे कुठल्या खान्यात घालायचं? परिमर्यादा नक्कीच नाही. मर्यादा म्हणावं तर मर्यादेत आपला इलाज चाललेला नसतो, आणि इथं इलाज होता, ती बोलली असती तर. माझ्या मते ही सरळ चूक आहे आणि तिला चूकच म्हणावं. ‘चाचणीच्या प्रशासनावर काही ठिकाणी बाह्य घटकांचा प्रभाव पडला’ असलं गुळगुळीत वाक्य तिनं आधी लिहून आणलं होतं. आम्ही ते खोडून लिहिलं : ‘तीन शाळांत वर्गशिक्षकांनी अक्षरे सुचवली. संशोधिकेने त्यांना थांबवले नाही. या शाळांतील ४१ मुले वगळून काढलेले निष्कर्ष वेगळे दिले आहेत.’ वाचणाऱ्यानं काय मानायचं ते मानावं. त्याच्यापुढे दोन्ही आकडे आहेत.

एक खटकणारी गोष्ट प्रबंधाच्या ठरीव आराखड्याबद्दल. परिमर्यादा आणि मर्यादा दोन्ही पहिल्या प्रकरणात, एकाखाली एक लिहायची आपल्याकडची पद्धत आहे. पहिलं प्रकरण बहुधा संशोधन आराखड्यावरूनच उतरतं, आणि तो तर माहिती गोळा करण्याआधी मंजूर झालेला असतो. म्हणजे जी मर्यादा अजून घडायची आहे ती आधी लिहा, असा हा हुकूम. मग विद्यार्थी मागच्या वर्षीच्या प्रबंधातून उचलणार नाही तर काय करणार? परिमर्यादा पहिल्या प्रकरणात हव्यातच, कारण त्या प्रश्नाचाच भाग आहेत. मर्यादा मात्र काम झाल्यावर, निष्कर्षांच्या शेजारी लिहाव्यात. आराखड्यानं पहिल्याच प्रकरणात जागा ठेवली असेल, तर ते पान शेवटी परत लिहावं. त्यासाठी फिरताना खिशात वही हवी. कुठल्या शाळेत किती मुलं नव्हती, कोण मध्ये बोललं, कुठं बाहेर लग्नाचा बँड वाजत होता, हे त्याच दिवशी टिपलं नाही तर मार्चमध्ये आठवत नाही. मग ‘थकवा व कंटाळा’ शिल्लक राहतो.

परीक्षक म्हणून मी प्रबंध हातात घेतो तेव्हा मर्यादांचं पान आधी वाचत नाही. आधी शीर्षक वाचतो, मग शेवटचं प्रकरण. हद्द शीर्षकात एक आणि निष्कर्षात दुसरी असते, ती तिथंच सापडते. या विद्यार्थिनीच्या खर्ड्यातही शेवटी ‘मराठवाड्यातील ग्रामीण विद्यार्थ्यांचे वाचन’ असं वाक्य होतं. पहिल्या प्रकरणात एका तालुक्याचं कुंपण घातलं आणि शेवटच्या प्रकरणात ते ओलांडून आठ जिल्ह्यांत फिरून आलो. परिमर्यादा एकदा लिहिली की ती निष्कर्षाच्या प्रत्येक वाक्याला बांधते. उतारा मोठ्यानं वाचणं तपासलं, समजणं तपासलं नाही, तर शिफारशीत ‘आकलन’ हा शब्दसुद्धा येता कामा नये. तिच्या शिफारशींत तो चार वेळा आला होता.

आता ते थकव्याचं वाक्य. ‘प्रयोज्यांचा थकवा, कंटाळा व मानसिक स्थिती यांवर नियंत्रण नव्हते.’ हे वाक्य कुठून आणलंस, असं मी तिला विचारलं. ती जरा घुटमळली. मग म्हणाली, ‘‘सर, तुमच्या प्रबंधातून. ग्रंथालयात आहे.’’

मी दुसऱ्या दिवशी जाऊन तो कपाटातून काढला. वाक्य शब्दशः तेच होतं. माझे प्रयोज्य शिक्षक होते आणि प्रश्नावली मी त्यांना पोस्टानं पाठवली होती. भरताना ते थकले होते की ताजेतवाने होते, हे मला कळायची सोयच नव्हती. दोनशे पाकिटं पाठवली होती, उत्तराचं तिकीट लावून, हे मला अजून आठवतं. पुढच्या पानावर न्यादर्शाचं कोष्टक होतं. त्याखाली टंकलिखित अक्षरांत लिहिलं होतं, ‘प्रस्तुत संशोधन ८७ शिक्षकांपुरते मर्यादित आहे.’ दोनशे हा आकडा प्रबंधात कुठंच नव्हता.